मदत हवी आहे: पेमेंट थकलंय, कंपनीला आठवणीचं पत्र कसं लिहावं?

वाळूजकर_फॅब: मंडळी, एका कंपनीकडं बिल अडकलंय. अकाउंटवाले फोन उचलना गेलेत, परचेसवाले म्हणतात अकाउंटला विचारा. संबंध बिघडवायचे नाहीत, पुढची ऑर्डरही त्यांचीच आहे. पण पगार तोंडावर आलेत. नम्र पण ठाम असं मराठी पत्र कुणीतरी लिहून द्या. लवकर.

बीडचा_बाबा: पत्रबित्र काही होत नसतं. डबा घेऊन जायचं, त्यांच्या गेटवर बसायचं. दुपारपर्यंत चेक.

हिशेबनीस_ताई: गेटवर बसाल तर पुढची ऑर्डर विसरा. दादा, माल कधी दिला? पीओत किती दिवसांची मुदत? चलनावर स्टोअरचा शिक्का आहे का? उद्यम नोंदणी आहे का? एवढं कळल्याशिवाय पत्र कसं लिहायचं?

वाळूजकर_फॅब: 240 ब्रॅकेट, माल आमचाच. 4 जुलैला दिला, चलनावर शिक्का आणि सही आहे. बिल 5 जुलैचं, 1,84,080 रुपये. पीओत बिलापासून 60 दिवस. उद्यम चार वर्षांपूर्वीच काढलंय. आज 22 सप्टेंबर.

लातूर_एक्स्प्रेस: मग तर सोपं आहे. कायद्यानं बिलाच्या तारखेपासून 45 दिवस. पहिल्याच पत्रात तिप्पट व्याज मागा, सुतासारखे सरळ येतील.

हिशेबनीस_ताई: 45 बरोबर, पण बिलापासून नाही, माल स्वीकारल्यापासून. पीओत 60 लिहिले तरी सूक्ष्म-लघु उद्योगाला 45 च्या पुढं थांबवता येत नाही. लेखी करारच नसेल तर 15 दिवस. म्हणजे यांची मुदत 18 ऑगस्टला संपली. आणि व्याज 'तिप्पट' नव्हे, रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दरानं, दरमहा चक्रवाढ. पण पहिल्या पत्रात ते काढू नका. त्यांच्याच पीओप्रमाणं 3 सप्टेंबर गेली, हेच पुरेसं आहे. स्वतःच्या कागदाला कोण नाही म्हणणार?

लातूर_एक्स्प्रेस: नरमाईनंच तर पैसे बुडतात ताई. माझे दोन वर्षं अडकले होते.

गोदाकाठ: माझं ग्रामपंचायतीच्या गटाराच्या कामाचं बिल आहे, त्याला हे चालेल का? इंजिनिअर एमबी भरत नाही.

हिशेबनीस_ताई: दादा, तुमचं वेगळं आहे, नवा धागा काढा. वाळूजकर, एक विचारते: त्यांनी कधी मालाबद्दल तक्रार केली होती?

वाळूजकर_फॅब: हं, 12 नगांचं वेल्डिंग नापसंत असं क्वालिटीवाला ऑगस्टमध्ये फोनवर बोलला होता. लेखी काही नाही. त्याचा काय संबंध?

हिशेबनीस_ताई: तिथंच घोडं अडलंय. डेबिट नोट निघायची म्हणून अख्खं बिल बाजूला पडलं असणार. हरकत लेखी, तीही माल मिळाल्यापासून 15 दिवसांत यायला हवी होती. आली नाही, म्हणून 4 जुलै हीच स्वीकारल्याची तारीख. पण भांडत बसू नका. नग 767 ला पडतो, 12 चे 9,204. ते बाजूला ठेवून बाकीचे मागा, म्हणजे त्यांना सबब उरत नाही. असं लिहा:

"मा. लेखाधिकारी यांस, सप्रेम नमस्कार. आपल्या पीओनुसार 240 ब्रॅकेट 4 जुलै रोजी आपल्या स्टोअरमध्ये पोहोच केले. शिक्का असलेल्या चलनाची व 5 जुलैच्या बिलाची प्रत सोबत आहे. 1,84,080 रुपयांची ही रक्कम 3 सप्टेंबरपर्यंत देय होती, अद्याप मिळालेली नाही. 12 नगांबाबत आपल्याकडून लेखी काही आलेले नाही. असल्यास ते कळवावे, आम्ही नग तपासून निर्णय घेऊ. तोपर्यंत उरलेले 1,74,876 रुपये 29 सप्टेंबरपर्यंत खात्यात जमा करावेत, अथवा जमा होण्याची निश्चित तारीख लेखी कळवावी. आपला विश्वासू."

पीओ आणि बिल क्रमांक विषयाच्या ओळीत टाका. ईमेल अकाउंट आणि परचेस दोघांना एकाच वेळी, म्हणजे टोलवाटोलवी बंद. प्रत स्पीड पोस्टानं, पोच जपून ठेवा.

लातूर_एक्स्प्रेस: एवढं गोड? निदान समाधान पोर्टलचं नाव तरी टाका.

हिशेबनीस_ताई: 29 गेली की दुसऱ्या पत्रात टाकू. तेव्हा 19 ऑगस्टपासूनचं व्याजही.

बीडचा_बाबा: मी अजूनही डब्याच्याच बाजूनं.

वाळूजकर_फॅब: ताई, पत्र आजच धाडतो. पण ते 12 नग परत आणून रीवेल्ड करून द्यायचे म्हटलं, तर अख्खी रक्कम मागता येईल का? आणि नव्या ऑर्डरचा माल तोवर थांबवू का, का देऊ?

गोदाकाठ: एमबीचं कुणी सांगना गेलंय.