चुकलेला हप्ता दाखवा
«दोन वर्षांच्या उदाहरणात सरळ आणि चक्रवाढ व्याजातला फरक दहावीच्या मुलांना जाणवतच नाही.»

खरंय, पण वर्षं वाढवण्यापेक्षा हप्ते चुकवून बघा. मी फळ्यावर परतफेडीचा तक्ता मांडते: कर्ज १२,००० रुपये, दरमहा १ टक्का. पहिल्या महिन्याचं व्याज १२०. ते वेळेवर भरलं, तर पुढच्या महिन्यातही १२०च. चक्रवाढ दिसतच नाही. काहीच भरलं नाही, तर बाकी १२,१२० होते आणि व्याज १२१.२०.

मग चाचणीत एकच प्रश्न: अजूनही काही भरलं नाही, तर तिसऱ्या महिन्याचं व्याज किती? बरीच मुलं आणखी १.२० मिळवून १२२.४० लिहितात. उत्तर १२२.४१. तो जास्तीचा पैसा म्हणजे त्या १.२० वरचं व्याज. एका पैशावरून वर्गात केवढं भांडण होतं!