शब्दचर्चा : ‘टू व्हॉट एक्स्टेंट’ म्हणजे ‘कितपत’च का?

राजारामपुरीकरीण : लेक अकरावीला आहे, इंग्रजी साहित्य घेतलंय. सहामाहीला प्रश्न होता : मॅकबेथच्या ऱ्हासाला चेटकिणी ‘टू व्हॉट एक्स्टेंट’ जबाबदार आहेत? तिनं मनात ‘कितपत’ धरलं आणि त्या जबाबदार नाहीतच असं दोन पानं लिहून आली. २५ पैकी ११. शेरा, ‘एकच बाजू’. अर्थ चुकला की उत्तर?

रंकाळा_वारा : सोपं आहे की. कितपत म्हणजे किती टक्के. चेटकिणी ३०, बायको ४०, तो स्वतः ३०. विषय संपला!

निवृत्त मास्तर : वारासाहेब, वाटणी करायची हे बरोबर, पण ती आकड्यांत नाही. आणि ताई, खरी गोम ‘कितपत’मध्येच आहे. ‘हे कितपत खरं?’ असं विचारतो तेव्हा आपण अर्धी शंका आधीच घेतलेली असते. इंग्रजी प्रश्नात तो कल नसतो. विधान कुठपर्यंत टिकतं आणि कुठं तुटतं, एवढंच तो विचारतो.

आता याच प्रश्नाचं बघा. तू राजा होशील असं चेटकिणी सांगतात, पण गादीवरच्या राजाला, डंकनला मार असं त्या एकदाही म्हणत नाहीत. खुनाचा विचार मॅकबेथच्याच मनात येतो. भविष्य तर त्याच्या सोबतच्या सरदाराला, बँकोलाही सांगितलंय, तो कुणाला मारत नाही. पुढं मॅकबेथ कच खातो तेव्हा त्याला उभं करते ती बायको. इथवर लेकीचं बरोबरच आहे. पण चौथ्या अंकात तो आपल्या पायानं चेटकिणींकडं जातो, आणि त्यांच्या दुटप्पी बोलण्यानं, आपल्याला कुणी मारू शकत नाही असं धरून बसतो. तिथं त्यांचा वाटा वाढतो. म्हणजे निकाल असा : इच्छा त्यांनी चाळवली, खून त्याचा, शेवटच्या घमेंडीत मात्र त्यांचा हात मोठा.

लिहून झालं की एक बघायचं. तेच उत्तर ‘चेटकिणींची भूमिका लिहा’ या प्रश्नाला जसंच्या तसं चालत असेल, तर ‘एक्स्टेंट’ राहिला.

उद्यमनगरचा : आमच्या वेळी ‘एक्सप्लोर’ आलं होतं. शोध घ्या म्हणून मी लेखकाचं गाव, शिक्षण, सगळं शोधून लिहिलं. नापास!

निवृत्त मास्तर : 😄 शोध संहितेतच घ्यायचा असतो. लेखक परिणाम कशानं साधतो, शब्दानं, प्रतिमेनं की प्रवेशाच्या रचनेनं, ते उकलत जायचं. ठाम निकाल दिला नाही तरी चालतं. ‘इव्हॅल्युएट’ला मात्र निकाल हवाच, तोही कारणांसकट.

रंकाळा_वारा : मग ‘कोणत्या मर्यादेपर्यंत’ म्हणा.

राजारामपुरीकरीण : लई सरकारी वाटतंय. लेक म्हणते ‘कुठवर’. चेटकिणी कुठवर जबाबदार?

निवृत्त मास्तर : झकास. दोन्ही बाजूंना झुकत नाही.

उद्यमनगरचा : मला तर ‘कुठवर’ म्हटलं की ‘कुठवर सोसायचं’ हेच आठवतं. तिथंही कल आलाच की, मास्तर.