मदत हवी आहे: फ्रेमरेट १४१ वर बांधला तरी चित्र फाटते

वैतागलेला_नेमबाज
माझा मॉनिटर १४४ हर्ट्झचा आहे. काउंटर-स्ट्राइक २ खेळताना चित्र आडवे फाटते. रिफ्रेश रेटपेक्षा तीनने कमी कॅप लावा, असे सगळीकडे वाचले, म्हणून कन्सोलमध्ये `fps_max 141` दिले; तर पूर्वीपेक्षाही वाईट दिसू लागले. व्ही-सिंक चालू केले की फाटणे थांबते, पण माऊस जड होतो आणि निशाणा हातामागून ओढत आल्यासारखा वाटतो. एफपीएस भरपूर मिळतात, त्यामुळे नवे कार्ड घेण्याचा सल्ला कृपया देऊ नये. शनिवारी आमचे सामने आहेत, तेव्हा लवकर सांगावे.

घाटावरचा_गेमर
१४१ हाच आकडा बरोबर आहे. मी दोन वर्षे तोच वापरतो आणि मला एकदाही टिअरिंग दिसलेले नाही. तुमची कॅप लागलेलीच नसावी, एकदा पुन्हा तपासा.

निरंजन_का
कार्ड कोणते, मॉनिटर कोणत्या केबलने जोडला आहे आणि जी-सिंक किंवा फ्रीसिंक चालू आहे का, यातले काहीच आपण लिहिलेले नाही. त्याहून महत्त्वाचे म्हणजे ‘वाईट’ दिसते म्हणजे नेमके काय दिसते? फाटल्याची रेघ १४४ च्या कॅपवर कुठे असते आणि १४१ वर कुठे असते, हे पाहून सांगाल का?

सुधा_रत्नागिरी
माझ्या लॅपटॉपवर एफपीएस ४० च्या वर जात नव्हते. पंखा साफ करून थर्मल पेस्ट बदलून घेतली, तेव्हा ते ६० झाले. आपणही एकदा तापमान पाहून घ्यावे.

वैतागलेला_नेमबाज
सुधाताई, एफपीएस कमी नाहीत, जास्तच आहेत. कॅप काढली तर दोनशेच्या पुढे जातात.
निरंजन, कार्ड आरटीएक्स ३०६० आहे. मॉनिटरच्या खोक्यावर फ्रीसिंक लिहिले आहे, म्हणजे ते असणारच. १४४ वर रेघ साधारण मधोमध थरथरत राहते आणि अगदी सावकाश सरकते. १४१ वर ती वरून खाली धावते, मग पुन्हा वरून येते. कॅप लागली आहे, काउंटर १४१ च दाखवतो. केबल मॉनिटरबरोबर आलेलीच आहे.

निरंजन_का
रेघेचे हे वर्णन पुरेसे आहे. तुमचे फ्रीसिंक चालू नाही. ते चालू असते, तर मॉनिटरने प्रत्येक फ्रेमची वाट पाहिली असती आणि रेघ अशी पडदाभर फिरली नसती. तुमचा मॉनिटर मात्र दर ६.९४ मिलीसेकंदांनी नवे चित्र रंगवायला घेतो, कार्डाकडून फ्रेम आलेली असो वा नसो. १४१ च्या कॅपवर फ्रेम ७.०९ मिलीसेकंदांनी येते, म्हणजे प्रत्येक वेळी थोडी उशिरा, आणि तेवढ्या उशिरात रंगकाम आणखी तेवीस-चोवीस ओळी खाली सरकलेले असते. म्हणून रेघ सेकंदाला साधारण तीनदा पडदा उतरते. १४४ वर दोन्ही वेग जवळजवळ सारखे असल्यामुळे ती एका जागी रेंगाळते. तेव्हा आकडा चुकलेला नाही. तो ज्या व्यवस्थेसाठी आहे, ती व्यवस्थाच तुमच्याकडे बंद आहे.
केबल एचडीएमआय असेल असा माझा अंदाज आहे. १०८० वर १४४ हर्ट्झ त्यातूनही मिळतात, त्यामुळे शंका येत नाही. पण बहुतेक जुन्या फ्रीसिंक मॉनिटरांवर एनव्हीडियाचे कार्ड ही सोय डिस्प्लेपोर्टमधूनच वापरू शकते. केबल बदला, मॉनिटरच्या स्वतःच्या मेन्यूत फ्रीसिंक चालू करा आणि मग एनव्हीडियाच्या कंट्रोल पॅनेलमध्ये जी-सिंकचे पान दिसते का, ते पाहा.

रॅश_बी
हा सगळा खटाटोप कशासाठी? स्पर्धेत कॅपच लावू नये. जितके एफपीएस जास्त तितका उशीर कमी. रेघ दिसली तर दिसू द्या, गोळी कुठे लागली हे महत्त्वाचे.

निरंजन_का
यात तथ्य आहे. व्ही-सिंक बंद ठेवून २५० एफपीएस मिळत असतील, तर पडद्यावरचे चित्र १४१ पेक्षा ताजे असते. पण कार्ड पूर्ण क्षमतेने राबू लागले की फ्रेम्सची रांग लागते, धुराच्या वेळी एफपीएस पडतात आणि नेमका तेव्हाच उशीर वाढतो. शिवाय प्रश्नकर्त्याला फाटणेही नको आहे.

रॅश_बी
मला रांग कधी जाणवली नाही. असो, ज्याचे त्याचे डोळे.

वैतागलेला_नेमबाज
केबल एचडीएमआयच निघाली. मित्राकडून डिस्प्लेपोर्टची आणली, मॉनिटरमधले फ्रीसिंक चालू केले आणि पॅनेलमध्ये जी-सिंकचे पान आले. आता `fps_max 144` ठेवले आहे, काउंटरही १४४ दाखवतो. पडदाभर फिरणारी रेघ गेली, पण वेगाने वळताना अगदी तळाशी, बंदुकीच्या मुठीजवळ, मधूनच एक फट दिसते. आता हे काय?

निरंजन_का
काउंटरवरचे १४४ ही सरासरी आहे. आतल्या फ्रेम्स कधी ६.६, तर कधी ७.३ मिलीसेकंदांत तयार होतात. जी ६.९४ च्या आत येते, ती आधीच्या चित्राच्या शेवटच्या ओळी रंगवायच्या राहिल्या असतानाच येऊन धडकते, म्हणून फट तळाशी पडते. यासाठी दोन गोष्टी एकत्र कराव्या लागतात. कॅप १४१ करा, म्हणजे बहुतेक फ्रेम्स मर्यादेच्या आत राहतील. आणि गेममधले व्ही-सिंक बंद ठेवून कंट्रोल पॅनेलमधले चालू करा.
व्ही-सिंकचे नाव काढताच आपण दचकाल, पण येथे त्याचे काम वेगळे आहे. फ्रेमरेट मर्यादेखाली असेपर्यंत ते फक्त लवकर आलेल्या एखाद्या फ्रेमला चित्र पूर्ण होईपर्यंत थांबवते. माऊस जड होत होता तो कार्ड मॉनिटरच्या पुढे पळत असल्यामुळे. तेव्हा दोन-तीन फ्रेम्स रांगेत उभ्या राहत होत्या आणि त्याचेच १४ ते २१ मिलीसेकंद हाताला जाणवत होते.

घाटावरचा_गेमर
म्हणजे १४१ च. मी पहिल्याच प्रतिसादात सांगितले होते.

फ्रेममोजणी
१४१ ला अंतर फार थोडे उरते. गेममध्ये एनव्हीडिया रिफ्लेक्स चालू करा. जी-सिंक आणि पॅनेलमधले व्ही-सिंक चालू असेल, तर रिफ्लेक्स स्वतःच १४४ च्या मॉनिटरवर साधारण १३८ ला थांबवते आणि २४० च्या मॉनिटरवर २२४ च्या आसपास. जितके हर्ट्झ जास्त तितकी एका फ्रेमची वेळ लहान, म्हणून सरसकट ‘तीनने कमी’ हा नियम वर जाता जाता अपुरा पडतो. मी `fps_max 0` ठेवून सगळे रिफ्लेक्सवर सोपवले आहे.

निरंजन_का
२४० बाबत सहमत. १४४ वर मात्र मला गेमचीच कॅप जास्त आवडते, कारण ती माऊसची हालचाल वाचण्याआधी थांबते. बाहेरच्या कॅपला फ्रेम बरीचशी तयार झाल्यावर ती अडवावी लागते.

फ्रेममोजणी
रिफ्लेक्सही गेमच्या आतूनच थांबवते, त्यामुळे तो मुद्दा येथे लागू होत नाही. आणि या गेमची कॅप मला तरी कमी-जास्त होताना दिसते. फ्रेमच्या वेळांचा आलेख लावून पाहा.

सुधा_रत्नागिरी
माझा पडदा ६० हर्ट्झचा आहे आणि फ्रीसिंक नाही. मी ५७ ठेवू का?

निरंजन_का
नको. व्ही-सिंकसह ५७ ठेवलेत, तर सेकंदाला तीन वेळा तेच चित्र पुन्हा दिसेल आणि चाल अडखळेल. विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये खरा रिफ्रेश रेट पाहा, अनेकदा तो ५९.९४ असतो. व्ही-सिंक चालू ठेवून आरटीएसएस या फ्रेमरेट बांधणाऱ्या प्रोग्राममध्ये कॅप त्याहून ०.०१ ने कमी, म्हणजे ५९.९३ द्या. चित्र फाटणार नाही, उशीर कमी होईल आणि अडखळणे क्वचितच दिसेल.

वैतागलेला_नेमबाज
पॅनेलमधले व्ही-सिंक आणि १४१ केले. तळाची फट गेली आणि माऊसही हलका आहे. रिफ्लेक्ससह १३८ करून पाहिले, मला दोन्हींत फरक कळला नाही. मात्र नकाशा लोड होताना पडदा उजळ-मंद लुकलुकतो. हे केबलमुळे आहे का?

फ्रेममोजणी
मॉनिटरच्या पडद्याचे पॅनेल व्हीए प्रकारचे आहे का?

वैतागलेला_नेमबाज
ते कुठे पाहायचे?

निरंजन_का
मॉडेलची माहिती पाहा. लोड होताना एफपीएस एकदम कोसळतात आणि व्हीए पॅनेलवर रिफ्रेश असा उड्या मारू लागला की उजेडही हलतो. त्यावर कॅपचा उपाय चालत नाही. सामन्यात लुकलुकत नसेल, तर शनिवारपर्यंत काही बदलू नका.

रॅश_बी
माझ्याकडे लुकलुकत नाही. कॅप नाही, सिंक नाही.