मदत हवी आहे: घसा बधिर करणारा स्प्रे मारल्यावर मुलीला दूध किती वेळाने द्यावे?

पाचपाखाडीकर: सर्दीमुळे मुलीचा घसा चार दिवसांपासून दुखत आहे आणि ती काहीही गिळायला तयार नाही. काल रात्री घशात बधिर करणारा स्प्रे मारला. दोन-तीन मिनिटांत रडणे थांबले म्हणून लगेच दूध दिले, तर तिला जोराचा ठसका लागला आणि दूध नाकातून बाहेर आले. थोड्या वेळाने घसा पुन्हा दुखू लागला. आमच्या डॉक्टरांचा दवाखाना संध्याकाळी सहा वाजता उघडतो. तोपर्यंत स्प्रे पुन्हा मारावा का आणि त्यानंतर दूध किती वेळाने द्यावे, एवढेच कृपया सांगावे. हळदीचे दूध, मध, ज्येष्ठमध हे सारे करून झाले आहे.

कळवेकर: मुलीचे वय किती? वजन किती? स्प्रे कोणता? ‘बधिर करणारा’ एवढ्यावरून कोणीही उत्तर देऊ शकणार नाही.

नेरूळची शिक्षिका: मला दिवसभर वर्गात बोलावे लागते, त्यामुळे पावसाळा सुरू झाला की माझा घसा बसतोच. मी पर्समध्ये चघळण्याच्या गोळ्या ठेवते आणि तासाला एक अशा सहज सहा-सात गोळ्या होतात. आजवर काहीही त्रास झालेला नाही. स्प्रेपेक्षा गोळी सौम्य असते, मुलीला अर्धी तोडून द्यावी.

वाशीचा औषधविक्रेता: ताई, आपला अनुभव मोठ्या माणसाचा आहे. लहान मुलाच्या बाबतीत गोळीतल्या औषधाच्याही आधी गोळीचा आकार पाहावा लागतो. चार वर्षांखालचे मूल कडक गोळी तोंडात घोळवत बसत नाही, ते ती एकदम गिळू पाहते, आणि अर्धी तोडलेली गोळी श्वासनलिकेत जाण्यास तर अधिकच सोपी. त्यात जीभ बधिर झालेली असेल, तर गोळी कुठे आहे हे मुलाला कळतही नाही.

पाचपाखाडीकर, बाटलीवर जे छापले आहे ते जसेच्या तसे लिहावे, आणि काल एकूण किती वेळा दाबले तेही.

पाचपाखाडीकर: वय साडेतीन वर्षे, वजन तेरा किलो. बाटली माझ्या वडिलांच्या दातांच्या उपचाराच्या वेळची आहे आणि तिच्यावर ‘लिग्नोकेन १० टक्के’ असे लिहिले आहे. दहा वाजता तीनदा दाबले आणि साडेदहाला परत दुखू लागले म्हणून आणखी दोनदा. मोठ्या माणसाला चालते ते थोड्या प्रमाणात मुलाला चालेल, असे वाटले. मूळ प्रश्न दुधाचा आहे, त्याचे उत्तर अजून मिळालेले नाही.

वाशीचा औषधविक्रेता: उत्तर देतो, पण ते स्प्रेपासूनच सुरू होते. या बाटलीची एक फवारणी म्हणजे साधारण १० मिलिग्रॅम औषध. मुलांसाठी या स्प्रेची कमाल मर्यादा किलोमागे ३ मिलिग्रॅम मानतात, म्हणजे आपल्या मुलीसाठी ३९. तिला अर्ध्या तासात पाच फवारण्या मिळाल्या, म्हणजे ५०. थोडे बाहेर सांडले असेल, थुंकी वाटे गेले असेल, तरीही हा हिशेब काठाच्या पलीकडचा आहे.

खरी फसगत वेळेची आहे. घशाचा बधिरपणा दहा-पंधरा मिनिटांत ओसरतो, म्हणून औषध संपले असे आपल्याला वाटते, परंतु गिळलेले आणि तोंडाच्या आतल्या त्वचेतून शोषलेले औषध रक्तात काही तास राहते. दुसऱ्या वेळचे औषध पहिल्यावर चढते. ते जास्त झाले, तर मूल गुंगते, उलट्या करते, हातपाय थरथरतात आणि फार झाल्यास आकडी येते.

आता दूध. घशाला स्पर्श जाणवतो म्हणूनच गिळताना श्वासनलिकेचे दार वेळेवर मिटते. तीच जाणीव आपण काढून घेतली, म्हणून ठसका लागला. असा स्प्रे मारल्यावर किमान एक तास खाणेपिणे द्यायचे नसते. म्हणजे मुलीने दूध प्यावे म्हणून स्प्रे मारायचा, आणि स्प्रे मारला म्हणून दूध द्यायचे नाही! यासाठी हे औषध कामाचे नाही. पुन्हा मारू नये.

मानपाड्याचा आजोबा: अशा औषधांनी मुले निळी पडतात, असे मी वाचले आहे. ऑक्सिमीटर बोटाला लावून पाहावा, आकडा पंचाण्णवच्या वर असला की चिंता नाही.

वाशीचा औषधविक्रेता: काका, आपण वाचलेले खरे आहे, पण ते मुख्यतः बेन्झोकेनबद्दल आहे. नातेवाईक अमेरिकेहून ज्या घशाच्या गोळ्या आणतात, त्यांपैकी काहींत ते असते. त्यामुळे क्वचित रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद घटते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१८ साली दोन वर्षांखालील मुलांना तोंडात लावायची बेन्झोकेनची औषधे वापरू नयेत असे बजावले, ते याच कारणाने. लिग्नोकेनने असे होणे दुर्मीळ आहे. ऑक्सिमीटरवर मात्र विसंबू नये, कारण या अवस्थेत तो खरा आकडा दाखवत नाही. ओठ आणि नखे राखाडी किंवा निळसर दिसू लागली, तर आकडा पाहत न बसता रुग्णालय गाठावे.

कळवेकर: काल रात्री मुलगी गुंगलेली वाटली का?

पाचपाखाडीकर: अकराच्या सुमारास गाढ झोपली, पण ती एरवीही तेव्हाच झोपते, शिवाय चार दिवसांचे जागरण होते. सकाळपासून खेळत आहे, ओठ गुलाबी आहेत. मग सहापर्यंत काय करू?

वाशीचा औषधविक्रेता: बारा तासांहून अधिक वेळ गेला आहे आणि ती खेळते आहे, म्हणजे कालच्या औषधाची धास्ती आता फारशी उरलेली नाही. दुखण्यासाठी पॅरासिटामॉल सिरप वजनाप्रमाणे द्यावे. बाटलीवर पाच मिलिलिटरमागे १२५ मिलिग्रॅम लिहिले आहे की २५० ते आधी पाहावे, कारण तेवढ्याच चमच्यात दुप्पट औषध जाते. तेरा किलोला २५० चे ३ मिलिलिटर, आणि पुन्हा देण्यात किमान चार-सहा तासांचे अंतर. कालपासून दुसऱ्या सर्दीच्या औषधातून पॅरासिटामॉल जात असेल, तर तेही मोजावे. अर्ध्या तासाने गार दूध चमच्याचमच्याने, तिला सरळ बसवून. लाळ गिळता न येता गळत असेल, श्वासाला आवाज येत असेल किंवा आठ तासांत लघवी झाली नसेल, तर सहाची वाट पाहू नये.

नेरूळची शिक्षिका: कालच्या ठसक्याचे दूध छातीत उतरले असेल, तर?

वाशीचा औषधविक्रेता: त्याचे उत्तर छाती तपासल्याशिवाय मिळणार नाही. डॉक्टरांना ठसक्याचे आवर्जून सांगावे.

पाचपाखाडीकर: रात्री साडेनऊ. सिरप दिल्यावर पाऊण वाटी गार खीर खाल्ली. डॉक्टरांच्या मते सर्दीचाच घसा आहे, अँटिबायोटिक दिलेले नाही. छाती आज स्वच्छ आहे, पण दोन दिवसांत ताप चढला किंवा श्वास वाढला तर परत यायला सांगितले आहे. कालची झोप औषधाची होती की थकव्याची, हे आता सांगता येणार नाही, असे ते म्हणाले. बाटली वडिलांच्या कपाटात वरच्या खणात ठेवली आहे.

मानपाड्याचा आजोबा: वरच्या खणात कशाला? मुदत पाहिली का?

पाचपाखाडीकर: आत्ता पाहिली. मागच्या वर्षीच संपली आहे.