मदत हवी आहे: समाधानाचा उपदेश बहिणीच्या हक्काआड येऊ नये

नमस्कार मंडळी. फोंड्याजवळ आमची छोटी मराठी उपासना भरते. येत्या रविवारी वाटणीच्या भांडणांवर उपदेश करायचा आहे. समोरच्या बाकावर असेच एक घर बसते: दोन भाऊ आणि लग्न होऊन बेळगावला गेलेली बहीण. आईवडिलांमागे घर आणि नारळाचे भाट राहिले. गोव्याच्या कायद्याने तिघांचा वाटा सारखा, पण भाऊ तिला हक्क सोडल्याची सही मागतात.

लूक 12:13-15 घेतले आहे. भावाकडून वाटा मिळवून द्या म्हणणाऱ्याला येशू 'मला वाटणी करणारा कोणी नेमले?' असे विचारतो आणि लोभापासून सावध करतो. मला भीती ही, की बहीण यातून 'गप्प राहा, सही कर' एवढेच ऐकेल. मागच्या वेळी ती डोळे पुसत बाहेर गेली होती.

म्हणून उत्पत्ती 13 आधी घ्यावे का? तिथे थोरला अब्रामच पुतण्या लोटला आधी जमीन निवडू देतो. सोडायचे ते ज्याच्या हाती आहे त्याने. की गणना 27 मधल्या सलाफहादच्या मुलींपासून सुरुवात करू? त्यांनी बापाच्या वतनात वाटा मागितला आणि देवाने त्यांचे म्हणणे रास्त ठरवले.

भावांना चारचौघांत बोट दाखवल्यासारखेही वाटू नये. कोणी असा उपदेश केला असेल, तर क्रम कसा ठेवला ते सांगा.