तोंडी कबूल केलेली पगारवाढ: लेखी मागावी की थांबावं?

धागाकर्ता: गोकुळ शिरगावात एका मशिन शॉपमध्ये क्वालिटीला आहे. १ फेब्रुवारीला लागलो. मुलाखतीत मॅनेजर म्हणाले, "आत्ता १८ वर ये, सहा महिन्यांनी २२ करतो." लेटरमध्ये फक्त १८ आहे. जुलै संपत आला, साहेब विषयच काढत नाहीत. लेखी मागू का? वाकडं नाही ना येणार?

उद्यमनगरवाला: भावा, माझं स्वतःचं वर्कशॉप आहे, पोरं दहा-बारा. मेल-बिल करू नको. आपल्याकडं माणूस शब्दावर चालतो. मेल आला की मालकाला वाटतं, हा उद्या कोर्टात जाणार. आणि तसल्या मेलला कोर्टात कोण विचारत नाही. चहाच्या वेळी समोर बसून बोल. पण आधी एक बघ, पगारावर सही कोणाची चालते? मॅनेजरनं शब्द दिला आणि मालकाला पत्ताच नसला, असं लई बघितलंय.

राजारामपुरी: शब्दावर मीही चाललो, दादा. कपड्यांच्या शोरूमला होतो, दिवाळीनंतर अडीच हजार वाढवतो म्हणाले. ऑक्टोबरात मॅनेजरची बदली सांगलीला. नवीन साहेब म्हणाले, "मला कोणी काही सांगितलं नाही." जुन्या साहेबांना फोन केला, ते म्हणाले, "मी बोललो होतो रे, पण आता माझ्या हातात काय?" माणूस खोटा नव्हता, तरी माझे पैसे बुडाले.

एचआरताई: मी कागलच्या एमआयडीसीत नऊ वर्षं एचआर बघते. उद्यमनगरवाले दादा, सही कोणाची हा तुमचा प्रश्न अगदी बरोबर. कोर्टाचं मात्र तसं नाही. तोंडी करारही कायद्याने करारच असतो, अडतं ते पुराव्यावर, आणि मेल हा पुरावा धरला जातो. मात्र बोलणं नेमकं हवं. "सहा महिन्यांनी २२" नेमकं आहे. "काम बघून करू" यात हातात काहीच लागत नाही.

धागाकर्ते, आज लेटरचं शेवटचं पान वाचा. "यापूर्वीची सर्व बोलणी या पत्राने संपुष्टात" अशी ओळ असेल तर नुसता जुना शब्द फार कमजोर पडतो. म्हणून आत्ता नव्याने कबुली घ्यायची. आधी भेटा, दादा म्हणतात तसंच, आणि त्याच दिवशी साहेबांना एवढं पाठवा:

"सर, आज बोलल्याप्रमाणे, रुजू होताना ठरल्यानुसार १ ऑगस्टपासून माझा ग्रॉस पगार २२,००० व्हायचा आहे. आपण एचआरशी बोलून कळवतो म्हणालात. माझ्या समजण्यात चूक असेल तर कृपया सांगावे."

शेवटच्या वाक्यामुळे मेल नोटिशीसारखा वाटत नाही. उत्तर आलं नाही म्हणजे होकार मिळाला असं नाही, पण तारीख पडते.

"ग्रॉस" हा शब्द गाळू नका. तुम्ही २२ हातात धरलेत आणि त्यांनी सीटीसी धरला, तर कंपनीचा पीएफचा हिस्सा त्यातच जातो. शिवाय ईएसआयसाठी धरला जाणारा पगार २१ हजारांच्या वर गेला की ईएसआय सुटतं. तुमचं एप्रिल ते सप्टेंबरचं पर्व चालू आहे, त्यामुळे कपात सप्टेंबरअखेरपर्यंत होत राहील. घरी कोणाचं औषधपाणी त्या कार्डावर चालत असेल तर हेही मोजा.

आणि कन्फर्मेशन लेटरवर "इतर अटी पूर्ववत" असेल तर घाईत सही नको. पोच द्यायची असेल तर "पगारवाढीबाबत मेल पाहावा" असं हाताने लिहून द्या. आमच्याकडे सगळ्यात जास्त पोरं इथेच फसतात. कायम झाल्याच्या आनंदात सही करतात आणि १८ वर पुन्हा शिक्का बसतो.

उद्यमनगरवाला: ताई, मोठ्या कंपनीत ठीक. माझ्यासारख्याकडं कुणी पत्रावर असलं लिहून दिलं तर मला लागेल, हे खरं सांगतो.

एचआरताई: लागेल, मान्य. पण त्याने १८ वर सही केली तर वर्षाचे ४८ हजार त्याचे जातात, तुमचे नाही.

धागाकर्ता: काल भेटलो, संध्याकाळी मेल टाकला. आज साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. चिडले नाहीत. "मेल कशाला, मी विसरलो नव्हतो" म्हणाले. पण आता म्हणतात ऑक्टोबरपासून, ऑर्डर कमी आहेत.

एचआरताई: मग त्याच मेलखाली विचारा, ऑक्टोबरला द्याल ते ऑगस्टपासूनच्या फरकासह की नुसतं पुढचं? दोन महिन्यांचे ८ हजार होतात.

उद्यमनगरवाला: फरक मागू नको भावा. ऑर्डर खरंच कमी आहेत, शिरोलीत जाऊन बघ. ऑक्टोबरची तारीख पक्की लिहून घे आणि गप काम कर.

राजारामपुरी: आता तुम्हीच लिहून घे म्हणताय, दादा.

धागाकर्ता: फरकाचं उद्या विचारतो. कन्फर्मेशन लेटर अजून आलेलं नाही.