मदत हवी आहे: सांगली-नागपूर, एकाच गाडीची दोन तिकिटं काढली तर चालतात का?

सदू_सांगलीकर
महाराष्ट्र एक्स्प्रेसला सांगली ते नागपूर वेटिंग दाखवतंय. पण तेच तुकड्यांत टाकून बघितलं तर कन्फर्म मिळतंय. गाडी तीच, दिवस तोच. अशी दोन तिकिटं काढली तर चालतं का? टीसी काही कटकट करतो का? जरा लवकर सांगा, हा धागा लिहीपर्यंत त्यातल्याही दोन सीटा गेल्यात.

पक्या मिरज
बिनधास्त काढा. मी दरवेळी असंच करतो. काही होत नाही.

रूळावरचा
चालतं, नियमात कुठेही आडवं येत नाही. पण "तुकड्यांत" म्हणजे कुठे तोडताय? वर्ग कोणता, किती माणसं? आणि वेटिंगच्या आधी कोणती अक्षरं आहेत, PQWL की GNWL? हे सांगितल्याशिवाय पुढचं बोलण्यात अर्थ नाही.

अण्णा वर्धेकर
नागपूरला कशाला, वर्ध्याला उतरा, आमच्याकडे या. :) बाय द वे, कोल्हापूर-गोंदिया ही गाडी सुमारे १,३४६ किलोमीटर धावते आणि सगळीच्या सगळी महाराष्ट्रात. एका राज्यात एवढं अंतर कापणाऱ्या गाड्या फार नाहीत.

सदू_सांगलीकर
थ्री एसी. दोघं. PQWL 31.
सांगली-मनमाड थ्री एसीत आहे, मनमाडपुढे फक्त स्लीपर आहे. दुसरा पर्याय सांगली-पुणे आणि पुणे-नागपूर, दोन्ही थ्री एसी, पण तो महाग पडतोय. म्हणून मनमाडवालं काढावं म्हणतो. एवढंच विचारायचं होतं हो.

स्वप्नाली_के
तात्काळ काढा ना. एसीचं आदल्या दिवशी सकाळी १० ला उघडतं. आधार जोडलेलं हवं फक्त. आम्ही चेन्नईला जाताना...

सदू_सांगलीकर
तात्काळ नकोय. आदल्या दिवसापर्यंत जीव टांगणीला ठेवायचा नाही, लग्न आहे.

रूळावरचा
मनमाड नको. सांगतो का ते.

ही गाडी मनमाडला पहाटे चार-साडेचारला येते आणि काही मिनिटंच थांबते. तुमचं पहिलं तिकीट बी डब्यातलं, दुसरं एस डब्यातलं. रात्री एसी आणि स्लीपरमधलं दार बहुतेक वेळा लावून घेतलेलं असतं, म्हणजे आतून जाता येईल हे धरून चालू नका. मग सामान घेऊन फलाटावर उतरायचं, अंधारात एस-४ शोधायचा आणि गाडी सुटायच्या आत चढायचं. मनमाडच्या आधी पंधरा मिनिटं जागं होऊन दारात उभं राहायची तयारी असेल तरच करा.

पुण्याला रात्री दहाच्या आसपास येते. लोक जागे असतात, उजेड असतो आणि मुख्य म्हणजे तिथे इंजिन उलट बाजूला लागतं, त्यामुळे गाडी बऱ्यापैकी थांबते. शिवाय दोन्ही तिकिटं थ्री एसीची असतील तर बी-३ मधून बी-१ मध्ये आतल्या आतच जाता येतं. एवढ्यासाठी चार पैसे जास्त गेले तरी जाऊ द्या.

पक्या मिरज
एवढं कशाला? पुण्यात टीसीला दोन्ही तिकिटं दाखवायची, तो आहे त्याच सीटवर बसू देतो. मी कधीच डबा बदलत नाही.

भुसावळकरीण
पक्या, तुम्ही नशीबवान. माझं ऐका. तीन वर्षांपूर्वी नागपूरहून पुण्याला येताना आम्ही भुसावळला तिकीट तोडलं होतं. मी पहिल्याच बर्थवर झोपून राहिले, म्हटलं कोणी आलं तर उठू. रात्री एक काका पोरीला घेऊन उभे, "ताई, ही आमची सीट." उठले, चपला बाकाखाली कुठे सरकल्या होत्या त्या मोबाइलच्या उजेडात शोधल्या, तीन डबे ओलांडून माझ्या दुसऱ्या बर्थवर गेले, तर तिथे कोणीतरी पांघरूण घेऊन ढाराढूर. टीसीने मला "आली नाही" म्हणून नोंदवून तो बर्थ आरएसीवाल्याला दिला होता. कन्फर्म तिकीट हातात आणि मी दाराजवळ सुटकेसवर बसलेली. शेवटी दुसरा बर्थ मिळाला, पण तासाभराने आणि विनवण्या करून.

रूळावरचा
हा यातला सगळ्यात मोठा धोका आहे. रेल्वेच्या लेखी तुम्ही एक प्रवासी नाही, दोन आहात. पहिला पुण्यात उतरला, दुसरा पुण्यात चढला. दुसऱ्या तिकिटाच्या टीसीला तुम्ही आधीपासून गाडीतच आहात हे कसं कळणार? हल्ली त्यांच्या हातात यंत्र असतं, बर्थ रिकामा दिसला की नोंद होते आणि तो लगेच पुढच्याला जातो. म्हणून पुण्यात गाडी थांबली की पहिलं काम, दुसऱ्या बर्थवर जाऊन बसणं. जेवण, पाणी, फोन, सगळं नंतर.

पक्या म्हणतात तसं टीसी कधी बसू देतो, पण पुण्यापुढे तो बर्थ कोणी घेतलेला नसेल तरच. आयआरसीटीसीवर चार्ट लागल्यानंतर रिकाम्या बर्थांची यादी दिसते, कुठून कुठवर रिकामा तेही असतं. ती बघून टीसीला विचारा. हक्क म्हणून मागायला जाऊ नका.

निवांत बसलेला
पण दोन पीएनआर लिंक करायची सोय आहे की. २०१९ पासून. ती केली की रेल्वे जबाबदार.

रूळावरचा
ती सोय दोन वेगवेगळ्या गाड्यांसाठी. पहिली उशिरा आली आणि दुसरी चुकली, तर परताव्यासाठी. इथे गाडी एकच, ती स्वतःलाच कशी चुकेल?

निवांत बसलेला
बरं. तरी लिंक करून ठेवायला काय जातंय?

सदू_सांगलीकर
पैशाचं कोणी सांगेल का? सरळ तिकिटापेक्षा पुण्यावरून तोडलं तर माणशी दोनशेच्या वर फरक येतोय. अंतर तर तेवढंच आहे ना?

रूळावरचा
अंतर तेवढंच, पण भाडं सरळ रेषेत वाढत नाही. जितकं लांब जाल तितका पुढचा किलोमीटर स्वस्त पडतो. तोडलं की तो फायदा जातो आणि मीटर पुन्हा शून्यापासून सुरू होतं. दुसरं म्हणजे थ्री एसीत कमीत कमी ३०० किलोमीटरचं भाडं घेतात. सांगली-पुणे त्याच्या आतलं आहे, म्हणजे न केलेल्या प्रवासाचेही पैसे. त्यात आरक्षणाचे माणशी ४० रुपये दोनदा आणि साइटचा आकार दोनदा. रद्द केलंत तर कापलेले पैसेही दोन्ही तिकिटांवर वेगवेगळे.

म्हणून आधी एक करून बघा. सांगली-नागपूर टाकू नका, कोल्हापूर-गोंदिया टाका. मधल्या स्टेशनांना वाटणीचा छोटा कोटा असतो, PQWL त्यातलंच, आणि ते फार पुढे सरकत नाही. पहिल्या ते शेवटच्या स्टेशनाला सहसा मोठा कोटा असतो. मिळालं तर तिकीट काढतानाच चढण्याचं ठिकाण सांगली निवडायचं आणि नागपूरला उतरायचं. उरलेल्या अंतराचे पैसे परत मिळत नाहीत, पण एकच बर्थ, मधे उठायची भानगड नाही, आणि जादा भाडं तोडण्यापेक्षा कमी पडण्याची शक्यता आहे.

पक्या मिरज
आणि कोल्हापूरला गाडी लवकर भेटली तर कोल्हापूरलाच चढायचं. मोकळी असते.

रूळावरचा
चढण्याचं ठिकाण सांगली केलं की कोल्हापूरचा हक्क गेला. असं सांगू नका लोकांना.

भुसावळकरीण
सदू, एक विचारू? सामान किती असणार आहे तुमच्याकडे? लग्नाचं म्हणजे पेट्या असतील. तुम्ही आणि मिसेस का?

सदू_सांगलीकर
मी कुठे म्हटलं मी जाणार आहे? आई-बाबा जाणार आहेत. बाबा ७४, आईचे गुडघे दुखतात. मी चार दिवसांनी मागाहून.

भुसावळकरीण
अहो, हे पहिल्या ओळीत लिहायचं ना! आणि तुम्ही त्यांना पहाटे चारला मनमाडच्या फलाटावर उतरवायला निघाला होतात?

अण्णा वर्धेकर
😀 मुलगा असावा तर असा.

रूळावरचा
मग मनमाड विषयच संपला. आणि आता लोअर बर्थ दोनदा मिळवावा लागेल, हे लक्षात घ्या. एका तिकिटावर खालचा मिळाला म्हणजे दुसऱ्यावर मिळेलच असं नाही. ज्येष्ठांचा लोअर बर्थ कोटा एका तिकिटावर एक किंवा दोघंच असतील तेव्हा लागू होतो, त्यामुळे तिसऱ्या कोणाचं नाव त्यात घालू नका. दुसऱ्या तिकिटावर मोबाइल नंबर बाबांचा द्या. मेसेज आणि मूळ ओळखपत्र दाखवलं की पुरतं, छापील कागद लागत नाही. पण दोन मेसेजपैकी पुण्यापुढचा कुठला हे त्यांना कागदावर मोठ्या अक्षरात लिहून द्या.

सदू_सांगलीकर
कोल्हापूर-गोंदिया बघितलं. RAC 9 दाखवतंय. आता?

रूळावरचा
घ्या. अजून दिवस आहेत, ९ म्हणजे कन्फर्म होईल असं मला वाटतं.

भुसावळकरीण
मी नाही घेणार. नाही झालं तर दोन म्हातारी माणसं साइड लोअरवर अर्धी-अर्धी बसून रात्र काढणार? त्यापेक्षा पुण्याला वीस पावलं चालतील. कन्फर्म ते कन्फर्म.

रूळावरचा
आरएसीत गाडीत तरी सगळा प्रवास एका जागी असतात. आणि तोडलेल्या तिकिटात दोन्ही आज कन्फर्म असतील तरच मी हो म्हणेन. एक जरी वेटिंग असेल तर नको. पुण्यापुढचा चार्ट वेगळा, उशिरा लागत असेल, तर दुसरं तिकीट गेल्याचं कळेपर्यंत पहिलं रद्द करायची वेळ निघून गेलेली असते. मग हातात सांगली-पुणे तेवढं उरतं.

भुसावळकरीण
दोन्ही कन्फर्म आहेत असंच म्हणालेत ते.

स्वप्नाली_के
विमानाने का नाही पाठवत?

सदू_सांगलीकर
बाबांना विमान नको, "खिडकी उघडत नाही" म्हणतात. थ्री एसीची पण उघडत नाही हे त्यांना सांगितलेलं नाही.

पुण्यावरून तोडून दोन्ही काढली. सांगली-पुणे बी-३, दोन्ही खालचे. पुणे-नागपूर बी-१, आईला खालचा, बाबांना मधला. माझा मेव्हणा पुण्यात फलाटावर येतोय, तो सामान उचलून यांना बी-१ मध्ये बसवेल. पाणीबिणी नंतर, आधी बर्थ, हे सांगून ठेवलंय.

रूळावरचा
चांगलं केलंत. मेव्हण्याला इंजिनची बाजू बघून उभं राहायला सांगू नका. तिथे इंजिन बदलतं, सुटताना पुढचा भाग मागे झालेला असतो. डब्यांच्या पाटीवरच बघायचं, आणि आधी बी-३ गाठायचा. बाबांना मधला बर्थ जमेल का पण?

सदू_सांगलीकर
तेच. कोणाशी अदलाबदल करता येईल का टीसीकडून, की समोरच्यालाच विचारावं लागेल?

निवांत बसलेला
पीएनआर लिंक केलेत का?